दोन महिने थकलेले बिल: कोणत्या पत्रात किती कडक व्हावे

बिलाची मुदत उलटून दोन महिने झाले की लहान व्यावसायिकाकडून सहसा दोनपैकी एक चूक होते. एक तर तो पहिल्या आठवड्यातल्याच सुरात, "सर, जरा बघा ना," असे पाचव्यांदा लिहितो, किंवा एखाद्या दुपारी संयम सुटून थेट वकिलाच्या नोटिशीची भाषा करतो. मी स्वतः या दोन्ही चुका केलेल्या आहेत. भोसरीत मशीन दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप चालवताना एका ग्राहकाला मी सात महिने गोड बोलत राहिलो, आणि शेवटी त्या कंपनीतला खरेदी अधिकारी बदलल्यावर नव्या माणसाने "हे बिल आमच्याकडे दिसतच नाही," असे सांगितले. दुसऱ्या एका ग्राहकाला मी दुसऱ्याच पत्रात कायद्याची कलमे लिहून पाठवली. त्यांच्या विभागाने संगणकात एक नोंद करायची विसरल्यामुळे बिल अडकले होते, हे मला नंतर कळले. पैसे आठ दिवसांत आले, पण त्यानंतर त्यांचे काम पुन्हा आले नाही.

या लेखात मी एकच प्रसंग घेतो आहे: उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग, समोर खासगी मर्यादित कंपनी, आणि मुदत उलटून साठ दिवस झालेले एक बिल. येथून पुढच्या महिनाभरात किती पत्रे जावीत, कोणाला जावीत आणि प्रत्येकाचा सूर किती चढा असावा, एवढाच प्रश्न आहे.

उदाहरणाचा व्यवहार

समजा, आपण एका कंपनीच्या सीएनसी मशीनचा स्पिंडल दुरुस्त करून १० जून २०२४ रोजी बसवून दिला, त्याच दिवशी ट्रायल झाली आणि त्याच तारखेचे बिल दिले. मजुरी व सुटे भाग मिळून २,४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२०० रुपये, एकूण २,८३,२०० रुपये. कंपनी २,४०,००० रुपयांवर एक टक्का म्हणजे २,४०० रुपये टीडीएस कापणार, म्हणून प्रत्यक्ष येणे २,८०,८०० रुपये. पर्चेस ऑर्डरवर ४५ दिवसांची उधारी लिहिलेली आहे, म्हणजे पैसे २५ जुलैला यायला हवे होते. आज २५ सप्टेंबर आहे. मधल्या काळात आपण तीन वेळा फोन केला आणि व्हॉट्सॲपवर दोन संदेश टाकले. उत्तर प्रत्येक वेळी एकच मिळाले, "बिल पासिंगला आहे."

जीएसटीचे ४३,२०० रुपये आपण सरकारकडे केव्हाच भरलेले असतात. ही गोष्ट स्वतःशी ध्यानात ठेवावी, पत्रात मात्र लिहू नये. आपली अडचण पत्रात मांडली की मागणीचे रूपांतर विनवणीत होते, आणि अकाउंट्समधल्या माणसाला विनवण्यांची सवय असते.

पत्रापूर्वी एक तपासणी

सूर ठरवण्याआधी पैसे नेमके कुठे अडले आहेत हे शोधावे लागते, कारण विसरलेल्या माणसाशी, अडचणीतल्या माणसाशी आणि टाळाटाळ करणाऱ्या माणसाशी एकाच आवाजात बोलता येत नाही.

सेवेच्या बिलाबाबत सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण अगदी क्षुल्लक असते. काम झाल्यावर वापरकर्त्या विभागाने, म्हणजे आपल्या उदाहरणात मेंटेनन्सने, सिस्टिममध्ये सर्व्हिस एन्ट्री करायची असते. ती झाल्याशिवाय अकाउंट्सला बिल बुक करता येत नाही. मालाच्या बाबतीत हेच काम स्टोअरच्या जीआरएनने, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीने होते. मेंटेनन्सचा माणूस म्हणतो, "बिल वर पाठवलं," अकाउंट्सचा माणूस म्हणतो, "आमच्याकडे आलं नाही," आणि दोघेही खरे बोलत असतात.

हे घरबसल्या तपासण्याची एक वाट आहे. कंपनीने टीडीएस कापला असेल, तर एप्रिल ते जून या तिमाहीचे विवरणपत्र ३१ जुलैपर्यंत भरायचे असल्यामुळे ऑगस्टच्या सुमारास ती रक्कम आपल्या २६एएसमध्ये दिसू लागते. त्यात त्या कंपनीच्या नावापुढे २,४०,००० रुपयांवर २,४०० रुपये दिसले, तर बिल बुक झालेले आहे आणि कंपनीने ते देणे म्हणून आपल्या पुस्तकात मान्य केलेले आहे, असे धरायला हरकत नाही. मग "पासिंगला आहे" या उत्तराला अर्थ उरत नाही, आणि आपला सूर एक पायरी वर नेण्याइतका आधार हाती येतो. नोंद दिसली नाही म्हणून बिल बुक झालेच नाही असे मात्र ठरत नाही. कदाचित विवरणपत्रच उशिरा भरले गेले असेल. अशा वेळी पहिले पत्र मऊ ठेवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे तक्रार. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार माल किंवा सेवा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर काम ज्या दिवशी दिले त्याच दिवशी ते स्वीकारले गेले असे मानले जाते. म्हणून जुनी ईमेल आणि कामाचा रिपोर्ट उघडून पाहावा. जून महिन्यातच "स्पिंडलला आवाज येतो आहे" अशी ओळ कोणी लिहून पाठवली असेल आणि आपण तिला उत्तर दिले नसेल, तर आजच्या पत्रात पैशाआधी त्या आवाजाविषयी लिहावे लागेल. तशी ओळ नसेल, तर दोन महिन्यांनी अचानक आठवलेल्या तक्रारीमुळे आपला सूर खाली आणण्याचे कारण नाही. दुरुस्ती पाहून देऊ, पण बिल त्यासाठी थांबणार नाही, असे शांतपणे सांगता येते.

कडकपणा क्रियापदात असतो

मराठी व्यावसायिक पत्रात चार पायऱ्या सहज ऐकू येतात. "रक्कम जमा केल्यास आभारी राहू" ही पहिली, "रक्कम जमा करावी ही विनंती" ही दुसरी, "रक्कम अमुक तारखेपर्यंत जमा होणे आवश्यक आहे" ही तिसरी, आणि "त्या तारखेपर्यंत रक्कम न आल्यास आम्ही अमुक करू" ही चौथी. चारही वाक्ये सभ्य आहेत. "आपण" सुटून "तुम्ही" आलेले नाही, उद्गारचिन्ह नाही, "खेदाने", "नाइलाजाने", "बेजबाबदारपणा" यांपैकी एकही शब्द नाही. तरीही प्रत्येक वाक्यात समोरच्याला उरलेली मोकळीक आधीच्यापेक्षा कमी आहे. पहिल्यात त्याने न दिले तरी चालेल असे वाटते. चौथ्यात निर्णय त्याच्या हातून आपल्या हाती आलेला असतो.

म्हणून पत्र लिहून झाल्यावर त्यातली विशेषणे खोडून पाहावीत. विशेषणांशिवाय पत्र मऊ वाटू लागले, तर कडकपणा केवळ रागाचा होता असे समजावे आणि त्याऐवजी तारीख, रक्कम किंवा पुढचे पाऊल यांपैकी काही तरी अधिक नेमके करावे.

पायरी केव्हा चढायची, याचा मी पाळतो तो नियम असा: निव्वळ दिवस गेले म्हणून सूर चढवू नये, लेखी वायदा मोडला किंवा लेखी प्रश्नाला ठरल्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही, तरच एक पायरी चढावी, आणि एका वेळी एकच. म्हणूनच प्रत्येक पत्रात उत्तराची तारीख असलीच पाहिजे. "लवकरात लवकर" असे लिहिले की वायदा मोडल्याचे कधी सिद्धच होत नाही.

पहिले पत्र: २५ सप्टेंबर, अकाउंट्सला, प्रत मेंटेनन्सला

साठ दिवस उलटले असले, तरी आधीचा तगादा तोंडी होता, म्हणून लेखी साखळीची सुरुवात दुसऱ्या पायरीवरून करावी. पहिल्या पायरीची भाषा आता कृत्रिम वाटते आणि तिसऱ्या पायरीला अजून आधार नाही. या पत्राचे खरे काम पैसे मागण्यापेक्षा बिल कुठे आहे हे कागदावर आणण्याचे आहे.

> आपल्या दि. १० जून २०२४ च्या बिलाची २,८३,२०० रुपयांची रक्कम (टीडीएस वजा जाता २,८०,८०० रुपये) पर्चेस ऑर्डरनुसार दि. २५ जुलै रोजी देय होती. ती अद्याप जमा झालेली नाही. बिल, पर्चेस ऑर्डर व सहीचा सर्व्हिस रिपोर्ट सोबत पुन्हा पाठवत आहोत. बिल आपल्याकडे बुक झाले आहे का व रक्कम कोणत्या तारखेस जमा होईल, हे दि. १ ऑक्टोबरपर्यंत कृपया कळवावे. एखादे कागदपत्र कमी असल्यास त्याच दिवशी पाठवू.

बिल आपणच दिले असल्यामुळे "आपल्या बिलाची" असे लिहिणे घोटाळ्याचे ठरते, हे वरच्या मसुद्यात मुद्दाम राहू दिले आहे. अकाउंट्समध्ये रोज शेकडो पत्रे वाचली जातात आणि तेथे "आमचे बिल क्रमांक अमुक, आपली पर्चेस ऑर्डर क्रमांक तमुक" असे लिहिलेलेच पत्र पुढे सरकते. दोन्ही क्रमांक विषयाच्या ओळीतच द्यावेत.

प्रत मेंटेनन्सच्या माणसाला द्यायची ती तक्रार म्हणून नव्हे. सर्व्हिस एन्ट्री राहिली असेल तर ती तोच करू शकतो आणि पत्र वाचून बहुधा त्याच दिवशी करतो. त्याच्या साहेबाला मात्र या पत्राची प्रत देऊ नये. चूक सुधारण्याची संधी मिळण्याआधीच साहेबाला कळवले, की तो माणूस कायमचा आपल्या विरोधात जातो, आणि पुढचे बिलही त्याच्याच हातून जायचे असते.

दुसरा टप्पा: ३ ऑक्टोबर, फोन आणि त्याच दिवशी ईमेल

१ तारखेपर्यंत उत्तर आले नाही, तर लगेच दुसरे पत्र लिहिण्यापेक्षा फोन करावा, कारण तारीख माणूस तोंडी सहज देतो आणि लेखी देताना कचरतो. फोनवर सूर पत्रापेक्षा मऊ ठेवावा आणि फोननंतरच्या ईमेलमध्ये तो पत्राइतकाच ठेवावा. "पेमेंट कधी होईल?" असे विचारल्यास "बघतो" हे उत्तर ठरलेले असते. "पुढचा पेमेंट रन कोणत्या वारी आहे, आणि आमचे बिल त्यात आहे का?" असे विचारल्यास त्याला यादी उघडून पाहावी लागते. समजा, त्याने "मंगळवारी, ८ तारखेच्या रनमध्ये टाकतो," असे सांगितले. तासाभरात हे लिहून टाकावे:

> आज दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार आमच्या बिलाची २,८०,८०० रुपयांची रक्कम दि. ८ ऑक्टोबरच्या पेमेंट रनमध्ये देण्यात येईल, अशी नोंद आम्ही घेतली आहे. यात काही बदल असल्यास उद्यापर्यंत कळवावे.

या ईमेलमध्ये एकही कडक शब्द नाही, तरी माझ्या मते सगळ्या साखळीतला हाच सर्वांत कामाचा कागद आहे. तोंडी वायद्याचा तो लेखी वायदा करतो, आणि पुढच्या पत्राचा सूर किती चढवायचा याचा अधिकार येथूनच मिळतो. उत्तरात त्यांनी "ठीक आहे" एवढे जरी लिहिले तरी देणे मान्य केल्याचा पुरावा तयार होतो. कर्जवसुलीची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, आणि मुदत कायद्यानुसार देणेकऱ्याने ती मुदत संपण्याआधी सहीनिशी लेखी मान्यता दिली की ती तेथून नव्याने मोजली जाते.

याच फोनमध्ये कधी कधी खरे कारण बाहेर पडते: "आमचंच पेमेंट अडकलंय हो." हे अडचणीतल्या माणसाचे उत्तर आहे आणि त्याच्याशी पुढची पायरी चढण्यापूर्वी हप्ते ठरवावेत. अर्धे दसऱ्याआधी, अर्धे दिवाळीनंतर, पण दोन्ही तारखा लेखी. दिवाळीच्या आधी बऱ्याच कंपन्या बोनससाठी पैसा राखून ठेवतात. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते, म्हणून दसऱ्याच्या अलीकडची तारीख मागणे शहाणपणाचे. पहिला हप्ता वेळेवर आला, तर सूर पुन्हा "ही विनंती" इथवर खाली आणावा. कडकपणा उतरवता आला पाहिजे, तरच चढवताना त्याला वजन राहते.

तिसरे पत्र: १० ऑक्टोबर, फायनान्सच्या प्रमुखाला

८ तारीख उलटली आणि पैसे आले नाहीत. आता लेखी वायदा मोडला आहे, त्यामुळे सूर चढतो आणि वाचणारा माणूसही बदलतो. माझ्या अनुभवात पत्र कोणाला गेले याचा परिणाम पत्रातल्या शब्दांपेक्षा जास्त होतो. क्लार्कला लिहिलेले कडक पत्र त्याच्याच ड्रॉवरमध्ये राहते. फायनान्सच्या प्रमुखाला किंवा संचालकाला लिहिलेल्या साध्या पत्रावर "हे काय आहे?" असा शेरा मारला जातो आणि ते खाली येते.

कायद्याचा उल्लेख याच पायरीवर पहिल्यांदा करावा. त्याआधी केला तर तो धमकीसारखा ऐकू येतो आणि यानंतर केला तर त्यावर विचार करायला त्यांच्याकडे वेळ उरत नाही. मात्र उल्लेख करण्यापूर्वी आपण त्या कायद्यात बसतो का, हे पाहावे. अधिनियमाचे हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगाला आहे, मध्यम उद्योगाला नाही. उद्यम नोंदणी काम करण्याच्या आधीची असावी, आणि केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या सीएला विचारल्याशिवाय या आधारावर पत्र लिहू नये.

अधिनियमाच्या कलम १५ नुसार उधारीची मुदत लेखी ठरलेली असली तरी ती काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि काहीच ठरलेले नसेल तर पंधरा दिवसांची असते. म्हणून पर्चेस ऑर्डरवर ९० दिवस छापलेले असले तरी कायद्यापुढे ४५ च धरले जातात. मुदत उलटल्यावर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. २०२४ च्या त्या महिन्यांत बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याजाचा दर २०.२५ टक्के. महिन्याला तो १.६८७५ टक्के होतो. २,८०,८०० रुपयांवर पहिल्या महिन्याचे व्याज ४,७३८.५० रुपये, आणि ते मुद्दलात मिळवून दुसऱ्या महिन्याचे सुमारे ४,८१८ रुपये, म्हणजे २५ सप्टेंबरपर्यंत ९,५५७ रुपये. बँक रेट नंतर खाली आला आहे, त्यामुळे आपल्या बिलाच्या काळातला दर पाहूनच आकडा काढावा. चुकीच्या आकड्याचे कडक पत्र हे सर्वांत कमकुवत पत्र असते.

परिणाम कोणता सांगायचा, हे कॅलेंडर पाहून ठरवावे. १९६१ च्या आयकर कायद्यातली ४३बी (एच) ही तरतूद बहुतेकांना माहीत झाली आहे: मुदतीनंतर थकलेली सूक्ष्म व लघु उद्योगाची रक्कम खर्च म्हणून फक्त प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच धरता येते. पण जूनमधले बिल ऑक्टोबरमध्ये काय किंवा फेब्रुवारीत काय, ३१ मार्चच्या आत दिले की कंपनीचे काहीच बिघडत नाही. म्हणून ऑक्टोबरात हा मुद्दा लिहिला, तर फायनान्सचा माणूस मनात हसतो. फेब्रुवारीत तोच मुद्दा पुरेसा टोकदार असतो. ऑक्टोबरात वेगळी गोष्ट चालते. ज्या कंपन्यांकडे सूक्ष्म व लघु उद्योगांची रक्कम ४५ दिवसांपेक्षा जास्त काळ थकलेली असते, त्यांना दर सहामाहीला एमएसएमई फॉर्म १ भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाला कळवावे लागते, आणि ३० सप्टेंबरला संपलेल्या सहामाहीचा तो फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो. हे फक्त कंपन्यांना लागू आहे. समोर भागीदारी किंवा मालकीचा व्यवसाय असेल, तर हा मुद्दा वगळावा. डिसेंबर जवळ आला की जीएसटीचा मुद्दा येतो: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. आपल्या बिलासाठी ती तारीख ७ डिसेंबर आहे. ही तिन्ही शस्त्रे एकाच पत्रात काढू नयेत. जे आज धार असलेले आहे, तेवढेच लिहावे.

> दि. ३ ऑक्टोबरच्या ईमेलमध्ये नोंदवल्याप्रमाणे दि. ८ ऑक्टोबर रोजी येणारी रक्कम जमा झालेली नाही. आमची उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून असून ती या कामापूर्वीची आहे. प्रमाणपत्र सोबत आहे. अधिनियमातील कलम १६ नुसार दि. २५ सप्टेंबरपर्यंतचे व्याज ९,५५७ रुपये होते. दि. ३० सप्टेंबर रोजी ही रक्कम ४५ दिवसांपेक्षा अधिक काळ थकीत असल्याने आपल्या सहामाही विवरणात तिची नोंद अपेक्षित आहे. मूळ रक्कम दि. २१ ऑक्टोबरपर्यंत जमा होणे आवश्यक आहे. तोपर्यंत ती जमा झाल्यास व्याजाची मागणी आम्ही करणार नाही. अन्यथा व्याजाचा हक्क राखून ठेवत आहोत.

शेवटची दोन वाक्ये महत्त्वाची आहेत. व्याज सोडण्याची तयारी दाखवल्यामुळे समोरच्या माणसाला आपल्या वरिष्ठाकडे जाऊन "आत्ता दिले तर एवढे वाचतात," असे सांगता येते. त्याला बाहेर पडायला दार ठेवावे लागते. दार नसलेल्या पत्राला उत्तर न देणेच त्याला सोयीचे वाटते.

काही गोष्टी या पायरीवर मोहात पाडतात आणि त्या टाळाव्यात. असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कंपनीचे नाव टाकणे, पोलिसात जाण्याचा उल्लेख, आणि "कायदेशीर कारवाई करू" हे मोघम वाक्य. पहिल्या दोन्हींमुळे आपणच अडचणीत येऊ शकतो. तिसऱ्यामुळे काहीच होत नाही, कारण कोणती कारवाई आणि केव्हा, हे न सांगणारा माणूस ती करणार नाही, हे फायनान्समध्ये सगळ्यांना ठाऊक असते. चालू असलेले काम थांबवायचे असेल, तर ते आधी फोनवर सांगावे. मशीन बंद पडल्यावर "तुमचे जुने बिल बाकी आहे," असे कळवणे हा वसुलीचा नव्हे, सूड घेण्याचा सूर आहे.

चौथे पत्र: २२ ऑक्टोबर, ईमेल आणि स्पीड पोस्ट

हे पत्र सर्वांत लहान असावे. यात समजावणे नाही, आठवण नाही, संबंधांची भाषा नाही. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, संचालकांच्या नावे, पोचपावतीसह पाठवावे.

> वरील बिलाची मूळ रक्कम २,८०,८०० रुपये व दि. २५ ऑक्टोबरपर्यंतचे व्याज १४,४५७ रुपये, एकूण २,९५,२५७ रुपये, दि. ७ नोव्हेंबरपर्यंत जमा करावेत. तसे न झाल्यास दि. ८ नोव्हेंबर रोजी आम्ही एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अधिनियमाच्या कलम १८ नुसार अर्ज दाखल करू.

दिवाळी मध्ये असल्यामुळे मुदत पंधरा दिवसांहून थोडी जास्त ठेवली आहे. बँका बंद असताना संपणारी मुदत देणे म्हणजे आपणच पत्र सैल करणे होय. यात मुख्य प्रश्न भाषेचा नसून आपल्या तयारीचा आहे. ८ नोव्हेंबरला अर्ज खरोखर भरायचा नसेल, तर हे पत्र पाठवूच नये. तिसऱ्या पत्रावर थांबून हप्त्यांची बोलणी करावी. एकदा चौथे पत्र जाऊन काही घडले नाही, की त्या कंपनीकडे आपली पुढची सगळी पत्रे पहिल्या पायरीची म्हणूनच वाचली जातात.

तयारी म्हणजे उद्यम प्रमाणपत्र, पर्चेस ऑर्डर, बिल, सही केलेला सर्व्हिस रिपोर्ट आणि वरची सगळी पत्रे एका फाइलमध्ये असणे. पोर्टलवरचा अर्ज सूक्ष्म व लघु उद्योगांच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो. कायद्यात निकालासाठी ९० दिवस लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे धरून चालावे. कौन्सिलचा निवाडा आपल्या बाजूने झाला आणि कंपनीला त्याविरुद्ध न्यायालयात जायचे असेल, तर कलम १९ नुसार आधी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हेही पत्रात लिहू नये. कंपनीच्या वकिलाला ते माहीत असते, आणि पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकले तर त्याचा परिणाम अधिक होतो.

पैसे या महिन्यातल्या कोणत्याही टप्प्यावर आले, तरी त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र जावे: रक्कम मिळाली, बिल पूर्ण मिटले किंवा अमुक बाकी आहे, आणि पुढच्या कामासाठी अर्धी रक्कम आगाऊ घेऊ. ही शेवटची अट मागच्या रागातून लिहिल्यासारखी वाटू नये, म्हणून तिचा सूर पुन्हा दुसऱ्या पायरीवर आणावा आणि ती "पुढील पर्चेस ऑर्डरमध्ये तशी नोंद करावी ही विनंती" अशी लिहावी.